सात वर्षांच्या मुलांचे खेळ आणि बक्षिसं: यजमान आईबाबांनी नेमकं काय बोलायचं?

प्रश्न: लेकीचा सातवा वाढदिवस आहे. तिला धरून बारा मुलं असतील. खेळ घ्यायची आणि बक्षिसं द्यायची जबाबदारी माझ्यावर आली आहे आणि मला असं पुढे उभं राहून बोलायची अजिबात सवय नाही. गेल्या वर्षी संगीत खुर्चीत दोघं रडले, एक रुसून दाराशी जाऊन बसला आणि बक्षिसं वाटताना तर भांडणच झालं. काय बोलायचं ते शब्दन्‌शब्द लिहून द्याल का? हसतंखेळतं हवं.

उत्तर:

शब्द देते, पण आधी गेल्या वर्षीचं एक गणित मांडू. बारा मुलं आणि एकेक बाद करत नेणारा खेळ. एका फेरीला गाणं, धावपळ आणि "मी आधी बसलो होतो" हा वाद धरून साधारण पन्नास सेकंद जातात. एकच विजेता उरेपर्यंत अकरा फेऱ्या होतात. म्हणजे जो सगळ्यांत आधी बाद झाला, तो त्यानंतरच्या दहा फेऱ्या, आठ मिनिटांहून जास्त वेळ, भिंतीला टेकून दुसऱ्यांची मजा बघत बसतो. रडू हरण्याचं कमी आणि या आठ मिनिटांचं जास्त असतं. सात वर्षांच्या मुलाला जिंकायची ऊर्मी पुरेपूर असते, नियम तोंडपाठ असतात, दुसऱ्याने केलेली लबाडी तर लांबूनच दिसते. पण स्वतःचं हरणं गिळायची ताकद अजून कच्ची असते. त्यामुळे "आऊट" म्हटल्यानंतरच्या पुढच्या वाक्यातच त्या मुलाच्या हाती काहीतरी काम पडलं पाहिजे. माझी सगळी संहिता या एका गोष्टीभोवती बांधलेली आहे.

मी बरीच वर्षं मुलांच्या वाढदिवसांना खेळ घेते. आता सगळे खेळ एकाच गोष्टीत ओवते, म्हणजे बोलायला विषय आपोआप मिळतो. गोष्ट जंगलाची. तीन खेळ आणि शेवटी दरबार, मिळून पाऊण तास. त्याहून लांबवू नका. मुलं "अजून एकदा!" म्हणत असतानाच खेळ थांबवायचा असतो, ती कंटाळल्यावर थांबवलात तर पुढचा खेळ त्याच कंटाळ्यावर सुरू होतो.

दारापासून सुरुवात

मुलं एकदम येत नाहीत. पहिलं येतं आणि शेवटचं येतं त्यात वीस मिनिटं सहज जातात. या वेळेत कोणताही नियमांचा खेळ सुरू करू नका. दाराजवळ चिकटपट्टीचे मोठे तुकडे किंवा कोरे स्टिकर आणि जाड स्केचपेन ठेवा. प्रत्येकाने आपलं नाव लिहायचं आणि त्याखाली आपला प्राणी काढायचा. तुम्ही म्हणायचं:

"या, या! आज हे घर नाही बरं का, हे जंगल आहे. जंगलात माणसांना प्रवेश नाही. तू कोणता प्राणी? इथे काढ आणि छातीवर लाव. मग पहारेकरी आत सोडेल."

प्राणी मुलानेच निवडायचा, हे मात्र कसोशीने पाळा. तुम्ही गमतीने एखाद्या गुबगुबीत मुलाला "तू हत्ती हो" म्हणालात तर बाकीचे ती गंमत महिनाभर चालवतात. दोघांनाही वाघच व्हायचं असेल तर होऊ द्या. एक पट्ट्यांचा वाघ, एक डरकाळीचा वाघ. या बिल्ल्यामुळे तुम्हाला बाराही नावं पाठ करावी लागत नाहीत. शिवाय "ससा बाद झाला" हे ऐकायला "तू बाद झालास" इतकं लागत नाही, त्याचंही मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं.

एखादं मूल आईचा हात सोडत नाही. त्याला खेळायचा आग्रह धरू नका. त्याला गाण्याचं बटण द्या: "मला एक मदतनीस हवा आहे. मी मान हलवली की गाणं बंद करायचं. जमेल?" बहुतेक वेळा ते मूल दुसऱ्या डावाला स्वतःहून आत येतं, आणि नाही आलं तरी ते खेळातच असतं.

आवाज न चढवता शांतता

सगळे जमले की पहिलं काम म्हणजे एक खूण शिकवणं. ही खूण नसेल तर पाऊण तास ओरडण्यात जातो. माइक असला तरी दूर ठेवा. बारा मुलांसाठी त्याची गरज नसते आणि प्रत्येकाला त्यात एकदा फुंकर मारायची असते.

"जंगलातल्या प्राण्यांनो, एक गुप्त खूण शिकायची आहे. मी म्हणणार 'चिडी', तुम्ही म्हणायचं 'चूप!' आणि दोन्ही हात तोंडावर. बघू हं. चिडी..."

"चूप!"

"अरे बापरे, एवढ्या मोठ्याने चूप? पक्षी उडून गेले! आता कुजबुजत. चिडी..."

"चूप..."

"वा. आता मुंगीला ऐकू येईल एवढ्याच आवाजात."

तीनदा करा, दर वेळी आवाज कमी करत. तिसऱ्या वेळी खोलीत शांतता असते आणि सगळे तुमच्याकडे बघत असतात. आता लगेच पहिला खेळ. इथे भाषण, आभार, स्वागत काहीही नको.

आणखी एक सवय तोडावी लागते. "खेळायचं का?", "कोणाला यायचंय?" असे प्रश्न विचारू नका. पहिल्याला एक तरी "नाही" येतं आणि दुसऱ्याला बारा हात वर होतात. विचारण्याऐवजी थेट सांगा: "सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहा. वाघ माझ्यासमोर या."

पहिला खेळ: फोटोवाला आला

हा आपला पुतळ्याचाच खेळ. गाणं चालू असताना नाचायचं, थांबलं की दगड व्हायचं.

"रोज रात्री जंगलातले प्राणी नाचतात, पण हे कोणालाच माहीत नाही. एक फोटोवाला रोज लपून येतो. तो आला की गाणं बंद आणि सगळे पुतळे! जो हलला त्याचा फोटो निघाला. हलला तो...?"

"फसला!"

"हलला तो फसला! चला, नाचा!"

पहिली फेरी लांब ठेवा, वीस-पंचवीस सेकंद, म्हणजे लाजरी मुलंही सैल होतात. या फेरीत कोणालाही बाद करू नका. फक्त फोटोवाला होऊन फिरा आणि कौतुक करा: "ह्या माकडाचा एक पाय हवेत आहे, तरी हलत नाही! हे कासव तर श्वास पण घेत नाहीये वाटतं!" दुसऱ्या फेरीपासून गाणं आठ-दहा सेकंदच वाजवा.

आता पहिला प्राणी हलतो. हाच तो क्षण. "आऊट" म्हणून पुढे जायचं नाही. असं म्हणा:

"ससा हलला! सापडला! अभिनंदन, ससेराव, आता तुम्ही फोटोवाल्याचे साहाय्यक. हा घ्या कॅमेरा. पुढच्या वेळी कोण हलतं ते माझ्याआधी तुम्ही पकडायचं."

आणि दोन्ही हातांच्या बोटांचा चौकोन करून दाखवायचा, तोच कॅमेरा. मूल क्षणभर गोंधळतं, मग हसतं, कारण दुसऱ्याला पकडायचं काम त्याला नाचण्याइतकंच आवडतं.

याला एक मर्यादा आहे. साहाय्यक चारच्या वर गेले की ते खेळणाऱ्यांपेक्षा जास्त आवाज करतात आणि नसलेली हालचालही बघू लागतात. म्हणून चार जण पकडले गेले की डाव संपवायचा:

"चिडी... फोटोवाल्याचा रोल संपला! या डावात न हललेले आठ प्राणी, हात वर! टाळ्या! नवा रोल घातला. सगळे परत नाचायला!"

असे तीन छोटे डाव घ्या, प्रत्येकी अडीच-तीन मिनिटांचे. एकच विजेता काढायचा नाही. सगळ्यांत आधी पकडला गेलेला ससा जेमतेम दोन मिनिटांत परत नाचत असतो. गेल्या वर्षीच्या आठ मिनिटांशी ताडून बघा.

वाद होणारच. "मी हललो नाही!" हे वाक्य तुम्हाला निदान तीनदा ऐकायला मिळेल. त्यावर निकाल देत बसू नका. खरंच हलला का हे सिद्ध करायला गेलात तर दहा साक्षीदार उभे राहतात. माझं ठरलेलं उत्तर:

"नाही हललास? मग वाऱ्याने हलवलं असणार. वाऱ्या, तुला ताकीद! पुढच्या वेळी वारा बाद!"

हे प्रत्येक मुलाला एकदाच वापरता येतं. त्याच मुलाने दुसऱ्यांदा वाद घातला तर आवाज न बदलता: "या वेळी कॅमेऱ्यात आलास. चल, साहाय्यक." आणि लगेच गाणं सुरू. गाणं सुरू झालं की वाद घालायला समोर कोणी उरत नाही.

उत्सवमूर्तीची वेगळी तयारी

सगळ्यांत जास्त शक्यता कोणाच्या रडण्याची असते? ज्याचा वाढदिवस आहे त्याचीच. दिवसभराचा उत्साह, अपुरी झोप, आणि "आज माझा दिवस, मग मी कशी हरले?" हा प्रामाणिक प्रश्न. तिला मुद्दाम जिंकवू नका. सात वर्षांची मुलं हे लगेच ओळखतात आणि मोठ्याने बोलूनही दाखवतात. त्याऐवजी आदल्या दिवशी, एकटं असताना, दोन गोष्टी सांगा: "उद्या तूही हलशील आणि पकडली जाशील, तेव्हा तू पण साहाय्यक. पण एक काम फक्त तुझं आहे. शेवटचं पुडकं तूच उघडणार आणि बक्षिसं तुझ्या हातून दिली जाणार." मुलीला जिंकण्याऐवजी मान हवा असतो, आणि तो कधी मिळणार हे तिला आधीच ठाऊक असलं की मधले धक्के ती पचवते. बक्षिसाची एक पिशवी तिला आधीच दाखवा आणि बाराव्या पिशवीवर तिचं नाव आहे हेही दाखवा, नाहीतर दुसऱ्याच्या हातात देताना तिची मूठ सुटत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय: एक उत्सवमूर्ती सातवी पिशवी घट्ट धरून उभी, समोर पाहुणा हात पुढे करून, आणि मध्ये मी.

दुसरा खेळ: पूर आला

ही संगीत खुर्चीच, फक्त उलटी. खुर्च्या काढायच्या, मुलं काढायची नाहीत. आणि खुर्च्याही नकोत, कारण धावत येऊन बसताना त्या मागे सरकतात आणि हनुवटीला लागतं. सहा जुन्या चादरी दुमडून किंवा पातळ सतरंज्या जमिनीवर पसरा. ही बेटं. वर्तमानपत्रं वापरू नका. गुळगुळीत फरशीवर ती पायाखालून सटकतात. मोजे सगळ्यांनी काढायचे, तेही याच कारणासाठी.

"चिडी... ऐका! नाचून नाचून प्राणी दमले आणि तेवढ्यात नदीला पूर आला! गाणं चालू आहे तोवर पोहा. गाणं थांबलं की बेटावर चढा. पाण्यात कोण आहे माहीत आहे? मी! मी मगर!"

(इथे दोन्ही हातांचा जबडा करायचा. लाज वाटली तरी करा. तुम्ही अर्धवट केलंत तर मुलंही अर्धवट खेळतात.)

"आणि एक नियम. बेट कोणाच्या मालकीचं नाही. जागा नसेल तर बेटावरच्यांनी हात द्यायचा. अंगठा जरी बेटावर असला तरी मगर काही करू शकत नाही."

सहा बेटांवरून सुरू करा. दोन फेऱ्यांनंतर दोन बेटं बुडतात: "गुडूप! गुडूप! चार उरली!" मग तीन, मग दोन. दोन बेटांवर बारा प्राणी म्हणजे एकेका चादरीवर सहा. मुलं एकमेकांना धरून, एका पायावर, किंचाळत उभी असतात. इथेच थांबा. एका बेटावर बारा नेऊ नका. ढकलाढकली होते आणि खालच्या मुलाच्या पायावर कोणीतरी पडतं.

"एक, दोन, तीन... बारा! एकही प्राणी बुडाला नाही! मगर उपाशी! मगर आता भाजीपाल्यावर दिवस काढणार!"

या खेळात कोण जागा करून देतं, कोण हात ओढून वर घेतं, हे बघायला एक मोठं माणूस हवं. ते काम तुमचं नाही, तुम्ही मगर आहात. एका नातेवाइकाला कागद-पेन देऊन चिटणीस करा. कागदावर बारा प्राण्यांची यादी आधीच लिहिलेली असावी आणि प्रत्येकापुढे दिसलेली एक खरी गोष्ट टिपायची: "कासव: एका पायावर सगळ्यांत जास्त वेळ." "डरकाळीचा वाघ: हरणाला बेटावर ओढलं." शेवटची बक्षिसं या कागदावरून निघतात, म्हणून तो हरवू देऊ नका.

तिसरा खेळ: माकडाने पळवलेलं पुडकं

पळापळ झाल्यावर लगेच बक्षिसं वाटायला घेतलीत तर धक्काबुक्की ठरलेली. मध्ये बसून खेळायचा खेळ हवा. पुडकं आदल्या दिवशी बांधून ठेवा: आत एक चिठ्ठी, आणि त्यावर कागदाचे बारा थर. दोन रंगांचे कागद आलटूनपालटून वापरा, म्हणजे एका वेळी एकच थर निघाला हे लगेच कळतं. प्रत्येक थराला चिकटपट्टीचा एकच तुकडा लावा; जास्त लावलात तर छोट्या बोटांना तो सोडवायलाच मिनिटभर लागतं आणि बाकीचे पुडक्यावर झेप घेतात. प्रत्येक थरात एक चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीत *सगळ्यांनी* करायची गंमत असावी: "सगळ्यांनी बेडकासारखं तीनदा ओरडा", "डोळे मिटून आपलं नाक शोधा", "शेजाऱ्याला कुजबुजत शुभेच्छा द्या". एकट्याने गाणं म्हण, नाचून दाखव असलं काही नको. लाजऱ्या मुलाला ती शिक्षा वाटते आणि बाकीचे अकरा तेवढा वेळ रिकामे.

"गोल बसा. मांडी घाला. या जंगलातल्या एका माकडाने एक पुडकं पळवलंय आणि त्याला कपड्यांवर कपडे घातलेत. गाणं चालू असताना पुडकं फिरवायचं, आणि सगळ्यांनी म्हणायचं:

फिरव फिरव, हातातून हातात,
काय बरं दडलंय पुडक्याच्या पोटात?"

गाण्याचं बटण आता तुमच्याच हातात हवं. बाराही मुलांना एकेक थर मिळाला पाहिजे, आणि तो योगायोगाने मिळाला असं वाटलंही पाहिजे. वर्तुळाकडे कुशी करून उभे राहा, बघत नाही असं दाखवा, आणि कोणाला मिळालं ते मनात ठेवा. क्रमाने देऊ नका, तिसऱ्या थराला एखादा हुशार ओरडतो, "आता माझा नंबर!" पहिले दोन थर वर्तुळाच्या दोन टोकांना जाऊ द्या. कोणी पुडकं छातीशी धरून ठेवतं, त्याला रागावू नका: "गरम बटाटा आहे तो! भाजेल! सोड, सोड!"

चिठ्ठी मुलाकडून मोठ्याने वाचून घेऊ नका. सात वर्षांच्या मुलांत कोणी झरझर वाचतं, कोणी अक्षर अक्षर जोडतं, आणि ते सगळ्यांसमोर उघडं पडायला नको. "तू वाचतोस की मी वाचू?" एवढं विचारलं की पुरे. एका थराला साधारण एक मिनिट धरा, म्हणजे बारा मिनिटांत खेळ होतो.

बारावा थर उत्सवमूर्तीकडे. आत बक्षीस नसतं. इथेच बहुतेक जण फसतात: अकरा जणांनी कागद फाडायचे आणि एकाने खेळणं घ्यायचं, हे सात वर्षांच्या न्यायात बसत नाही. आतल्या चिठ्ठीत फक्त एवढंच: "दरबार पडद्यामागे भरला आहे."

दरबार

पडद्यामागे बारा पिशव्या. बाहेरून सारख्या, आतून सारख्या, रंगही एकच. "मुलींना गुलाबी, मुलांना निळ्या" केलंत तर एक मुलगी निळीसाठी आणि एक मुलगा गुलाबीसाठी हमखास अडून बसतो. तीन जादा पिशव्या ठेवा, कारण धाकटी भावंडं न सांगता येतात. त्या तीन पिशव्यांत मणी, छोटे चेंडू, फुगे असं तोंडात जाण्यासारखं काही नको. फुग्यांबद्दल तर माझं मत कडक आहे: फुगे फोडायचा खेळ मी घेतच नाही. आवाजाने दोन मुलं घाबरतात, आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो.

पिशव्या सारख्या, पण किताब वेगळे. किताबासाठी एक कार्ड पुरतं. चिटणिसाच्या कागदावरून पुडक्याचा खेळ चालू असतानाच कोणीतरी ती लिहून काढायची. किताब खरा आणि आजच्या दिवसातला हवा. "गोड मुलगी", "शहाणा मुलगा" असले नकोत, ते कोणालाही चिकटतात आणि मुलांना ते कळतं. "उत्तेजनार्थ" हा शब्द तर तोंडातूनही काढू नका.

"चिडी... (चूप) प्राण्यांनो, दरबारात सगळे बसा. ज्याचं नाव घेईन त्याने पुढे यायचं, आणि बाकीच्यांनी त्या प्राण्याच्या आवाजात जयजयकार करायचा. पिशवी मात्र सगळ्यांची आल्यावरच उघडायची. आधी उघडली तर आतला वारा पळून जातो.

पहिला किताब! एका पायावर उभं राहून मगरीला रडवणारं... दगडी कासव! या!

दुसरा किताब. पहिल्या डावात सापडला आणि दुसऱ्या डावात फोटोवाल्याच्या नाकावर टिच्चून उभा राहिला... दुसऱ्या डावाचा वीर, ससा!"

हा ससा म्हणजे मघाशी डोळ्यांत पाणी आलेला. त्याला पहिल्या चारांत बोलवा, पण रडण्याचा उल्लेख अवाक्षरानेही नको. सतत नियम दाखवून भांडणारं एक मूल असतंच:

"जंगलात एकही नियम मोडू न देणारा... मुख्य पहारेकरी, गरुड!"

तो छाती काढून येतो. बटण सांभाळणाऱ्या लाजऱ्या मुलीला "संगीताची राणी, खारूताई". पुडक्याचा कागद न फाडता उघडणाऱ्याला "नाजूक बोटांचा अस्वल". हरणाला वर ओढणाऱ्या वाघाला "पुरातला तारणहार". एखाद्यापुढे चिटणिसाने काहीच लिहिलं नसेल, तर त्याचाच बिल्ला बघा: "जंगलातला सगळ्यांत लांब शेपटीचा माकडराव, शेपूट पार खांद्यापर्यंत काढली आहे!" हे खरंच असतं आणि त्याने स्वतः केलेलं असतं.

प्रत्येकाला अर्धं मिनिट पुरे. शेवटच्या दोघांना एकत्र बोलवा, कारण सगळे घेऊन गेल्यावर एकटं उरलेलं मूल त्या अर्ध्या मिनिटात आपल्याला विसरलेच असं धरून चालतं.

"आणि आता... एक जोडी! पुतळ्याच्या खेळात हसू दाबता दाबता दोघींचे गाल टमाट्यासारखे लाल झाले... पोपट आणि मोर, दोघी या!"

पिशव्या उत्सवमूर्तीने द्यायच्या, तुम्ही फक्त नाव घ्यायचं. अकरा झाल्या की ती रिकाम्या हाताने उभी असते. आता पाहुण्यांची पाळी:

"एक किताब उरला. ज्या जंगलात तुम्ही नाचलात, पोहलात, पुडकं फोडलंत, त्या जंगलाची मालकीण कोण? सगळ्यांनी तिच्या प्राण्याच्या आवाजात... एक, दोन, तीन!"

आणि बारावी पिशवी मुलांपैकी कोणीतरी तिला देतं. कोण देणार ते आधी ठरवा, नाहीतर अकरा जण धावतात.

पिशव्या उघडल्या की तुमचा खेळ संपला, पण जमिनीवर बारा थरांचा कागद पडलेला असतो आणि मुलांच्या अंगात अजून दम असतो. मधोमध एक मोठी टोपली ठेवा आणि म्हणा: "जंगलात कागदाचा पाऊस पडला. साठ आकड्यांत सगळा पाऊस टोपलीत. मोजा, एक, दोन..." कोणीतरी विचारेलच, याला बक्षीस काय? मी सांगते, "जिंकणाऱ्याने टोपली उचलून न्यायची." त्यासाठीही भांडतात.